नोंदणीची धास्ती आणि विसरलेली अधिसूचना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मंचांकडून डॉलरमध्ये पैसे मिळवणाऱ्या प्रत्येक यूट्यूबरला, उत्पन्न कितीही असो, जीएसटी नोंदणी सक्तीची असल्याचे आपल्या कालच्या लेखात ठामपणे म्हटले आहे. नेमके हेच वाक्य मला आलेल्या नोटिशीतही होते, त्यामुळे कोणी कोणाचे पाहून लिहिले, असा प्रश्न पडला.

मी शेतीपंप दुरुस्तीचे व्हिडिओ करतो. नोटिशीतल्या वर्षी मला यूट्यूबच्या जाहिरातींचे सिंगापूरहून ८ लाख ६० हजार रुपये आले होते. सेवा घेणारा भारताबाहेर असला की तो व्यवहार कायद्याने आंतरराज्य पुरवठा मानला जातो आणि आंतरराज्य पुरवठादाराला कलम २४ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, इथपर्यंत नोटीस बरोबर होती. मात्र १३ ऑक्टोबर २०१७ च्या एकात्मिक कर अधिसूचना क्रमांक १०/२०१७ ने वार्षिक एकूण उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या सेवा पुरवठादारांना याच सक्तीतून सूट दिली आहे, याचा त्यात उल्लेखही नव्हता. उलट सगळ्या रकमेवर १८ टक्क्यांनी १ लाख ५४ हजार ८०० रुपये कर आणि वर व्याज व दंड मागितला होता.

उत्तरात मी मसाल्याच्या एका देशी कंपनीने जाहिरातीसाठी दिलेले १ लाख २० हजार आणि मुदत ठेवीवरचे २२ हजार रुपये व्याजही मिळवले, कारण एकूण उलाढालीत निर्यात, देशातले काम आणि करमुक्त उत्पन्न असे सगळे मोजावे लागते (हे अनेकांना ठाऊक नसते). तरीही बेरीज १० लाख २ हजारच झाली. शिवाय मोबदला परकी चलनात आल्याचे बँकेचे दाखले जोडून ही सेवानिर्यात आहे आणि निर्यातीवर कराचा दर शून्य आहे, हेही मांडले. म्हणजे नोंदणी असती तरी, दर आर्थिक वर्षाला द्यायचे एलयूटी हे हमीपत्र भरून मला ती सेवा कर न भरता पाठवता आली असती. अधिकारी सौजन्याने म्हणाले, "तुमचं बरोबर दिसतंय, पण नोटीस सिस्टीमनं काढलीय." सिस्टीमला अधिसूचना वाचायला कोण लावणार, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. आदेश अद्याप आलेला नाही.

उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी केलीच पाहिजे आणि मग देशी प्रायोजकाच्या बिलावर १८ टक्के करही लावला पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्या लेखासोबतच्या चौकटीत छापलेली ४० लाखांची मर्यादा फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे, सेवांसाठी नाही. म्हणजे एकाच पानावर लेख कमी उत्पन्नवाल्याला घाबरवतो आणि चौकट ३० लाख मिळवणाऱ्याला निर्धास्त करते. दोन्ही दुरुस्त्या कृपया ठळक छापाव्यात.

जाता जाता, परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेच्या दाखल्यासाठी बँका वेगळे शुल्क का आकारतात, याचाही आपल्या प्रतिनिधीने शोध घ्यावा.

आपला,
एक वाचक, सांगली