फेव्हरिटही तोट्याचाच

संपादक महोदय,

घोड्यांच्या रेसमध्ये फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर सर्वाधिक पैसे लागलेत त्या घोड्यावर, पैसे लावले की नुकसान टळते, हा समज अर्धाच खरा. अमेरिकेतील 1992 ते 2001 च्या लाखो नोंदी तपासून स्नोबर्ग आणि वूल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी दाखवले की दर शर्यतीत फेव्हरिट घेणाऱ्याचे शंभरामागे साडेपाच गेले. एकास शंभर किंवा त्याहून मोठ्या भावाचे घोडे घेणाऱ्याचे तब्बल 61. म्हणजे एकास शंभर भाव असलेला घोडा साधारण 260 शर्यतींत एकदाच जिंकतो! लोक अंधूक शक्यतेला भलतीच किंमत देतात, म्हणून त्याचा भाव असायला हवा त्यापेक्षा कमी राहतो. हाँगकाँगमध्ये मात्र हा कल फारसा आढळलेला नाही. फेव्हरिटवाला हरतो हळू, पण हरतोच. कारण लावलेल्या पैशांतून रेस क्लब आधीच काढून घेतो ती कपात दोघांनाही चुकत नाही.

– एक वाचक