आई, या वेळी उन्हाळी नव्हती

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आई "मी बरी आहे गं" म्हणते आणि फोन बाबांकडे देते. बाबा पावसापाण्याचं सांगतात आणि फोन संपतो. म्हणून लिहायला बसले. आधी ठरलेलं सांगते, मग हवं तेवढं रागवा. पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते आहे आणि तुम्ही दोघं दिवाळीपर्यंत ठाण्याला राहणार आहात. दादाशी बोलणं झालंय. तुळशीला पाणी घालायला आणि दिवाबत्तीला शेजारच्या काकू येतील. घराला कुलूप लागलं म्हणून घर कायमचं सुटत नाही, बाबा. दवाखाना जवळ हवा, एवढंच कारण आहे.

आई, तुला सोमवारपासून लघवीला जळजळ होत होती. तू धने-जिऱ्याचं पाणी प्यायलीस, सब्जा भिजवलास, आणि मागच्या वेळच्या पाकिटात उरलेल्या कॅप्सूल घेतल्यास. बुधवारी जळजळ कमी झाली. गुरुवारी संध्याकाळी हुडहुडी भरली, दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते आणि ताप १०२. पाठीत उजवीकडे दुखायला लागलं, तेव्हा बाबांना वाटलं की लोणच्याची बरणी उचलली म्हणून पाठ धरली. त्यांनी बाम चोळला. शुक्रवारी सकाळी चहासुद्धा उलटून पडला, तेव्हा कुठे दवाखाना गाठलात. बाबा, यात तुमचं काही चुकलं नाही. पाठ आणि लघवी यांचा संबंध कुणाच्याही चटकन लक्षात येत नाही. पण एकदा नीट समजून घेऊ या, कारण आईला साखर आहे आणि हे पुन्हा होऊ शकतं.

जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, हे सगळं मूत्राशयाचं दुखणं. जंतू तिथे खाली, पिशवीतच असतात. त्रास भरपूर होतो, पण अंगात ताप सहसा नसतो आणि जेवणखाण चालू असतं. तेच जंतू मूत्रवाहिनीतून वर चढून मूत्रपिंडात पोचले की आजार बदलतो. थंडी वाजून ताप येतो, मळमळ-उलटी होते, आणि शेवटची बरगडी संपते तिथे, मणक्याच्या बाजूला, बहुधा एकाच कुशीत दुखतं. कंबर धरली असेल तर वाकताना, उठताना कळ येते आणि एखाद्या कुशीवर पडलं की बरं वाटतं. मूत्रपिंडाचं दुखणं कसंही पडलं तरी ठसठसत राहतं. डॉक्टरांनी तुझ्या पाठीवर मुठीने हलकंसं ठोकलं आणि तू "आई गं" म्हणून ओरडलीस ना, ते याचसाठी होतं. डाव्या बाजूला तसंच ठोकलं तेव्हा काहीच झालं नव्हतं.

आता त्या कॅप्सूलचं. पाकिटाचा फोटो बाबांनी पाठवला होता, ते नायट्रोफ्युरँटॉइन होतं. औषध वाईट नाही, मूत्राशयाच्या संसर्गाला डॉक्टर ते नेहमी देतात. पण ते काम करतं लघवीत साठून. रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात ते पुरेसं पोचत नाही. म्हणून पिशवीतली जळजळ शमली, तुला वाटलं उतार पडला, आणि वर दुखणं वाढत राहिलं. जळजळ कमी आणि ताप सुरू, यालाच आपण फसलो. यापुढे जळजळीनंतर थंडी-ताप आला, तर जळजळ थांबली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रात्र असेल तर रात्री. १०८ ला फोन करायला लाजायचं नाही.

दवाखान्यात आधी लघवी कल्चरला घेतली आणि मग सलाईनमधून इंजेक्शनं सुरू केली, हा क्रम महत्त्वाचा होता. घरात उरलेलं औषध आधी घेतलं की कल्चरमध्ये जंतू दबून जातो आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. आपलं नशीब की ई. कोलाय उगवला आणि रिपोर्ट आल्यावर त्याप्रमाणे गोळ्या बदलता आल्या. ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो, तसा तुझा उतरला. नसता उतरला तर खडा अडकलाय का, पू झालाय का, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून बघावं लागलं असतं. साखरवाल्या माणसाला तशी भीती जास्त असते.

आई, मला ताप आला की तू मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत रात्र रात्र बसायचीस आणि मी झोपले असं वाटलं तरी उठायची नाहीस. मला ते सगळं कळायचं. आता दुसऱ्या कुणाला तुझ्या उशाशी बसू दे की.

आणि पाणी कमी पितेस ते का, तेही मला माहीत आहे. रात्री अंगणातून संडासापर्यंत जायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून संध्याकाळनंतर घोटभरसुद्धा घेत नाहीस. इथे तुमच्या खोलीला लागूनच बाथरूम आहे, कमोड उंच आहे, धरायला दांडा बसवून घेतलाय आणि रात्री बारीक दिवा चालू राहील. बाबांचा पेपर सकाळी सहाला दारात पडतो. चहा आलं घालून, बिनसाखरेचा, दोनदा. तिसऱ्यांदा मागितलात तर बघू.

आता हुकूम. राहिलेल्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत संपवायच्या, बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत. पाठीसाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणायची नाही, त्यातल्या बऱ्याच मूत्रपिंडाला त्रास देतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच. उलट्या होत होत्या म्हणून साखरेची जी गोळी दवाखान्यात बंद केली होती, ती त्यांना विचारल्याशिवाय सुरू करायची नाही. लघवी दाबून बसायचं नाही, कीर्तन कितीही रंगलेलं असो.

बाबा, हे तुमच्यासाठी. या वयात पुढच्या वेळी जळजळ होईलच असं नाही, तापही कमी असू शकतो. आई एकाएकी गळून गेली, जेवणावरची वासना उडाली, सारखी झोपून राहिली किंवा भलतंच काही बोलायला लागली, तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका. लगेच मला फोन करा आणि तिला घेऊन निघा. मात्र तिला काही त्रास नसताना रिपोर्टमध्ये थोड्या पू-पेशी दिसल्या, तर त्यासाठी औषध मागत बसू नका. दर वेळी ते लागतंच असं नाही. आणि तुमच्या प्रोस्टेटचं काय? ते इथे आल्यावर दाखवायचंय, टाळाटाळ ऐकणार नाही.

येताना फार काही बांधू नका. कल्चरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि साखरेच्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट एका पिशवीत घाला. डब्यात काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या नकोत, नाव कळत नाही. वाटेत दर दीड-दोन तासांनी थांबू, चांगलं स्वच्छतागृह कुठे आहे ते मी बघून ठेवलंय, तेव्हा आईने निघायच्या दिवशी पाणी तोडायचं नाही. लोणच्याची बरणी आणायची असेल तर मी उचलेन.

तुमची,
मनू