आजीसाठी वेगळी बांधलेली पाव किलोची पिशवी

मटणवाल्या मामांस,

सप्रेम नमस्कार.

रविवारी आमच्याकडे लेकीच्या सासरची आठ माणसं पहिल्यांदाच जेवायला आली होती. घरचे आम्ही तिघं धरून अकरा पानं. जेवण उत्तम झालं. त्यातला मोठा वाटा तुमचा आहे, आणि तो चारचौघांत सांगावा म्हणून हे पत्र.

मी अडीच किलो मागितलं, तेव्हा तुम्ही सुरी बाजूला ठेवून आधी विचारलंत, "रस्सा किती, सुकं किती?" आणि मग, "जेवणाऱ्यांत दात नसलेलं कोण हाय का?"

आमच्या व्याह्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. कवळी त्यांना सोसत नाही. मटणाच्या पंगतीत गेली कित्येक वर्षं त्या भातावर रस्सा घेऊन उठतात. मी एवढं बोलले मात्र, तुम्ही खांद्याचा तुकडा काढलात, हाडं वेगळी केलीत आणि मांसाच्या रेषेला आडवे, बोराएवढे तुकडे करून पाव किलोची वेगळी पिशवी बांधलीत. म्हणालात, "रानेचं देत नाय. रान दिसायला भारी, पण म्हाताऱ्या माणसाला कोरडी लागती. खांदा शिजला की लोण्यागत हुतोय." जादा पैसे घेतले नाहीत. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतानाही घाई केली नाहीत.

याआधी एका दुकानातून असंच पाहुण्यांसाठी मटण आणलं होतं. तिथं कुणी काही विचारलं नाही. कोवळं आणि जून एकाच पिशवीत आलं. चरबी पिवळट, मांस काळपट लाल, आणि शिजताना उग्र वास. अर्धे तुकडे हाडावरून गळून रश्शात विरले तरी उरलेले चिवटच होते. आणखी शिजवावं तर कोवळ्याचा भुगा होणार, थांबावं तर जून चावत नाही. एका भांड्यात दोन वयांचं मटण आलं की कितीही हातखंडा सुगरण असली तरी तिचा इलाज चालत नाही. पाहुणे मुकाट्याने चावत राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात सांगायला गेले तर "कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढायच्या" असं ऐकून परत आले. ते अजून मनात आहे.

तुमच्या मटणाची चरबी पांढरी आणि घट्ट, मांस गुलाबी. नळ्या, मान, बरगड्यांची पिशवी वेगळी होती, म्हणून ती हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास आधी चढवता आली. पातेल्यावर ताटात पाणी ठेवलं आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत घातलं. मग रान टाकली, आणि आजींचे तुकडे सगळ्यात शेवटी, मलमलच्या पुरचुंडीत बांधून, म्हणजे हाडांत हरवायला नकोत. हाडांचा सगळा अर्क अळणीत उतरला होता. निम्म्या अळणीत कांदा-लसूण चटणी, भाजलेलं खोबरं आणि तीळ घालून तांबडा केला. निम्म्यात खसखस-तिळाचं वाटण घालून पांढरा, आणि त्यात नारळाचं दूध आच मंद केल्यावरच, उकळी येऊ न देता, नाहीतर फुटतं. रानेचं सुकं. सोबत जोंधळ्याच्या भाकरी, दह्यातला कांदा, लिंबू आणि इंद्रायणीचा साधा मऊ भात.

गोडाला बासुंदी नको, असं लेकीनं आधीच बजावलं होतं. दोन रश्शांवर आटवलेलं दूध कुणाला झेपणार? म्हणून संत्र्याच्या फोडी वरची साल काढून थंड करून ठेवल्या आणि वाढताना खडीसाखर आणि वेलचीची पूड भुरभुरली. आधी भुरभुरली तर फोडींना पाणी सुटतं. त्या आंबटगोड फोडींनी जिभेवरचा तेलकटपणा गेला. वाट्या चाटून पुसून परत आल्या.

पण मला आठवतं ते आजींचं ताट. पांढऱ्या रश्शातले ते तुकडे त्यांनी आधी भाताखाली ढकलले, सवयीनं. लेक म्हणाली, "आजी, खाऊन तर बघा." त्यांनी एक टाळूला लावून दाबला, आणि मग काही न बोलता वाटी पुढे केली. तीनदा वाढलं, मामा. व्याह्यांचे डोळे भरून आले होते. आईला मटण खाताना बघून किती वर्षं झाली, हे त्यांनाही सांगता येईना.

ज्या म्हातारीला तुम्ही कधी पाहिलं नाही, पुढंही बहुधा पाहणार नाही, तिच्या तोंडाचा विचार तुम्ही सुरी चालवायच्या आधी केलात. असं विचारणारी माणसं ज्या गल्लीत आहेत, तिथं राहायला मिळतं याचं मला मोठं सुख वाटतं.

आजींनी जाताना तुमच्यासाठी निरोप दिलाय: "त्या पोराला म्हणावं, हात चांगला हाय तुझा." तुम्ही पन्नाशीचे आहात हे मी त्यांना सांगितलं नाही. संक्रांतीनंतर त्या पुन्हा येणार आहेत. तेव्हाही खांद्याचंच ठेवा, या खेपेला अर्धा किलो.

तुमची,
कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातली वहिनी