राणीच्या रिपोर्टातला चारचा आकडा

सांगली, रविवार

प्रिय सुमे,

राणीच्या लघवीच्या कल्चरचे, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात आणि त्यांना कुठलं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीचे, दोन्ही रिपोर्ट फोटोत मिळाले. फोनवर तू इतकी वैतागली होतीस की मी काही सांगितलं असतं तरी डोक्यात शिरलं नसतं, म्हणून लिहायलाच बसले. आठवड्याचे सहा दिवस लॅबमध्ये असल्याच जंतू वाढवलेल्या प्लेटा बघण्यात जातात माझे, फक्त बहुतेक माणसांच्या, तुझ्या राणीसारख्या कुत्र्यांच्या नव्हे!

तुझा प्रश्न असा, की मेरोपेनेमसमोर ०.२५ लिहिलंय आणि डॉक्टरांनी दिलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकसमोर ४. मग कमी आकड्याचं, म्हणजे जालीम औषध सोडून हे का दिलं?

तो आकडा म्हणजे एमआयसी. एकाच औषधाची १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढत जाणारी ताकद घेऊन जंतू वाढतोय का ते बघतात. जिथे तो पहिल्यांदा वाढायचा थांबला, तो आकडा लिहितात. पण आकडे औषधा-औषधांत ताडून बघायचे नसतात. केशर चिमटीभर लागतं आणि मीठ चमचाभर, म्हणून केशर काही मिठापेक्षा खारट ठरत नाही. प्रत्येक औषधाची स्वतःची एक रेघ असते. नेहमीच्या डोसमध्ये ते शरीरात किती साठतं यावरून ती ठरवलेली असते. कुत्र्यांच्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गात अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची रेघ ८ आहे, कारण ते लघवीत भरपूर उतरतं. राणीचं ४ रेघेच्या आत आहे, म्हणून पुढे ‘एस’, म्हणजे औषध लागू पडेल. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर तर १६ आहे आणि तरीही ‘एस’, कारण त्याची रेघच ३२ आहे. मेरोपेनेम हे इस्पितळातल्या अगदी अडलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवायचं इंजेक्शन. साधी गोळी लागू पडत असताना त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी बरोबर केलं.

आता जरा वरची ओळ बघ. अँपिसिलिन ‘आर’ आहे, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही, आणि त्याचंच भावंड असलेलं अमॉक्सिसिलिन, क्लॅव्हुलॅनिकच्या जोडीने, ‘एस’. तुला ही छपाईची चूक वाटली, पण ती चूक नाही. राणीच्या लघवीत सापडलेला हा ई. कोलाय जंतू एक एन्झाइम सोडतो, ते औषधाचे तुकडे करतं. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड त्या एन्झाइमला स्वतःच्या अंगावर घेतं आणि अमॉक्सिसिलिन वाचतं. म्हणून गोळी बदलून नुसतं अमॉक्सिसिलिन आणू नकोस, मेडिकलवाला ‘एकच आहे हो’ म्हणाला तरी.

मला खरं खटकलं ते एन्रोफ्लॉक्सासिन. फेब्रुवारीच्या रिपोर्टात ई. कोलायच होता आणि त्यावर ते ‘एस’ होतं. आता ‘आर’. मधल्या काळात तेच औषध दोनदा झालं, दुसऱ्यांदा तर कल्चर न करताच. राणीच्या अंगाला औषधाची सवय झाली, असं तू म्हणालीस. सवय कुत्रीला होत नाही गं, बदल जंतूंमध्ये होतो. लाखोंमध्ये एखाद्याच्या जनुकात फरक पडलेला असतो, औषध त्याच्या जागेला चिकटत नाही. बाकीचे मरतात आणि त्याला मोकळं रान मिळतं. शिवाय हे औषध आतड्यातही पोचतं. तिथले दाद न देणारे ई. कोलाय उरतात, आणि मादीत गुदद्वारापासून मूत्रमार्गापर्यंत अंतर ते किती! त्यामुळे जुनाच जंतू लपून राहिला की आतड्यातून नवा आला, हे या दोन कागदांवरून ठामपणे सांगता येत नाही. पण गेल्या सहा महिन्यांत दोनदा झालंय, म्हणजे आता गोळ्या बदलत बसण्यापेक्षा कारण शोधायला हवं. सोनोग्राफीत खडा दिसतो का, योनीवर कातडीची घडी येऊन ओल साचते का, साखर वाढलीय का, हे डॉक्टरांना विचारच.

एक सावधगिरी. ‘एस’ हा शब्द मूत्राशयापुरता आहे. ताप आला, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल. तिथे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकची ८ ची रेघ चालत नाही, ती फारच खाली येते, आणि नायट्रोफ्युरँटॉइन तर मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचतच नाही. तेव्हा हाच कागद पुढे करून तीच गोळी मागू नकोस.

फेब्रुवारीच्या आधी तू फरशीवरची लघवी सिरिंजने ओढून दिली होतीस ना, त्यात तीन प्रकारचे जंतू आले होते. ते फरशीचे असणार, राणीचे नव्हेत. पुढचा नमुना डॉक्टरांना पोटातून सुईने काढू दे, तोही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. लगेच लॅबला नेता आला नाही तर फ्रिजमध्ये ठेव, बाहेर राहिला तर जंतू त्यातच वाढतात आणि त्यांची मोजणी फुगते. आणि हो, गोळ्या संपल्यावर ती नीट मुतत असेल, कुंथत नसेल, रक्त नसेल, तर उगाच कल्चर करायला धावू नकोस. लक्षणं नसताना नुसते जंतू सापडले तर सहसा औषध देत नाहीत, आणि रिपोर्ट हातात आला की तुला राहवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सोनोग्राफी झाली की कळव. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
मंगल