आजोबांच्या स्मृती-व्हिडिओतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, व्हिडिओ संकलन विभाग

विषय : फोटोंचा क्रम व पार्श्वसंगीत चुकल्याने व्हिडिओ विनामूल्य दुरुस्त करून मिळणेबाबत

महोदय,

माझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी तुमच्याकडून साडेसहा हजार रुपये देऊन व्हिडिओ करून घेतला. रविवारी नौपाड्यातल्या आमच्या घरी सगळे जमले आणि व्हिडिओ लावला. दुसऱ्याच फोटोला निवेदनात आत्या "शाळेत पहिला नंबर आला" असं सांगत होती आणि पडद्यावर आजोबा मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे होते. पुढे ते वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लागल्याचं वाक्य आलं, तेव्हा दिसत होते ते तलावपाळीला नातवंडांसोबत. आजीने हळूच "बंद कर गं" म्हटलं.

घरी क्रम तपासला, तेव्हा कारण सापडलं. पेनड्राइव्हमध्ये फोटोंना 1 ते 48 अशी नावं होती. तुमच्याकडे ते अक्षरक्रमाने लागले : 1 नंतर 10 ते 19, मग 2, मग 20 ते 29, असे. म्हणून 48 वा, पणतीला मांडीवर घेतलेला शेवटचा फोटो 43 वा आला आणि व्हिडिओ संपला तो 9 व्या, सायकलवरच्या तरण्या आजोबांवर. मी 01, 02 अशी नावं द्यायला हवी होती, हे मान्य. पण सोबत प्रत्येक फोटोसमोर निवेदनाचं वाक्य लिहिलेला कागद दिला होता. तो उघडून पाहिला असता, तर दुसऱ्याच फोटोला चूक कळली असती.

संगीताचं मला जास्त लागलं आहे. निवेदनाखाली शब्द नसलेली बासरी आणि तंबोरा हवा, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही गायलेलं भजन लावलंत. दोन माणसं एकाच वेळी बोलू लागली की कान कुणाचंच धड ऐकत नाही. आत्याचा मऊ आवाज त्यात बुडाला. शिवाय तिने वाक्यांमध्ये मुद्दाम ठेवलेले श्वास कापून निवेदन सलग केलंत. आजोबांच्या आजारपणाच्या वाक्यानंतर ती चार सेकंद थांबली होती. ती जागा आम्हाला हवी आहे.

कृपया फोटो कागदाप्रमाणे लावा आणि आत्याचं मूळ रेकॉर्डिंग न कापता वापरा. बासरीचा आवाज ती बोलताना खाली आणि थांबल्यावर अलगद वर येऊ द्या. शेवटी आजोबांनी स्वतः म्हटलेला, मी फोनवर टिपलेला अभंग कोणत्याही वाद्याशिवाय ठेवा. त्यात मागे कुकरची शिट्टी आहे, तीही काढू नका.

अंतिम प्रत करण्याआधी कच्चा व्हिडिओ मला दाखवा. दहा दिवसांत हे होणार नसेल, तर पूर्ण रक्कम आणि पेनड्राइव्ह परत करा. जुन्या अल्बममधले काही फोटो स्कॅन करताना फाटले, त्यामुळे त्यांची दुसरी प्रत आमच्याकडे नाही.

आपली,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (प.)