फैजपूरच्या अण्णांना, माझ्या लायसन्सच्या जुन्या तारखेसाठी

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

परवा जर्मनीचं ड्रायव्हिंग लायसन्स हातात पडलं. फोनवर तुम्हाला सांगितलं खरं, पण तुम्ही नेमकं काय वाचवलंत ते लिहूनच सांगायचं होतं. हे पत्र उघडं ठेवते आहे, कारण तुमच्या क्लासमधून गाडी शिकलेली आपली बरीच मुलं आता बाहेर निघाली आहेत.

जानेवारी 2025 मध्ये भावाच्या लग्नाला आले, तेव्हा माझं लायसन्स म्हणजे 2005 सालचं पुस्तक होतं. लॅमिनेशन सुटलेलं, शाई उडालेली. तुम्ही ते उजेडात धरून म्हणालात, "बाई, जुलैत मुदत संपते, आणि हे सरकारच्या सारथी या ऑनलाइन नोंदीत चढलेलंच नाही." मी म्हटलं, आता जर्मनीतच राहते, तिकडचंच काढीन. तुम्ही ऐकलं नाहीत. मुदत संपायच्या आधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, हे तुम्हीच सांगितलंत. जळगावच्या आरटीओत जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घेतलीत, मला फोटोला बसवलंत आणि नवीन कार्ड आल्यावर आधी एकच गोष्ट तपासलीत: पहिल्यांदा लायसन्स दिल्याची तारीख 2005 चीच आहे ना.

त्या तारखेचं मोल मला इथे परत आल्यावर कळलं. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. आमच्या घरात समज असा होता की आंतरराष्ट्रीय परवाना वर्षाचा असतो, म्हणजे वर्षभर चालतं. तसं नाही. तो परवाना ही सहा महिन्यांची मुदत वाढवत नाही. मुदतीनंतर चालवलं तर ते विनापरवाना चालवणं होतं आणि इथे तो फौजदारी गुन्हा आहे. आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये आलो होतो, तेव्हा एप्रिल 2024 नंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही.

पुढे अदलाबदल. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड अशा काही देशांची नावं जर्मनीच्या नियमांच्या यादीत आहेत. तिथल्या लोकांना परीक्षा न देता लायसन्स बदलून मिळतं. अमेरिकेच्या काही राज्यांच्या लोकांना फक्त लेखी द्यावी लागते. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा आहेत. पण मुदतीतलं भारतीय लायसन्स असेल तर क्लासची सक्ती उरत नाही. नवशिक्याला दीड-दीड तासाचे 14 वर्ग करावे लागतात आणि हायवे, गावाबाहेरचे रस्ते व रात्र मिळून पाऊण-पाऊण तासाच्या 12 फेऱ्या. तो सगळा खर्च आणि वेळ वाचला. अर्ज करताना लायसन्स अजून चालू आहे असं लिहून द्यावं लागतं, आणि जर्मनीत राहायला आल्यानंतर सुट्टीत भारतात जाऊन काढलेलं लायसन्स इथे मानत नाहीत. माझ्या कार्डावर फक्त 2025 ची तारीख असती तर मी नेमकी त्याच संशयात सापडले असते.

भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग झाला. लेखी परीक्षा इंग्रजीत दिली. 30 प्रश्न होते, ती पहिल्याच फेरीत निघाली. गाडीच्या परीक्षेत मात्र नापास झाले. गल्लीतला चौक, ना पाटी ना सिग्नल. तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी सरळ पुढे गेले आणि शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाने ब्रेक दाबला. दोन आठवडे पुन्हा बसता येत नाही.

त्या रात्री तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. विचारलंत, "चौकात शिरताना तुझा पाय कुठे होता?" ॲक्सिलरेटरवर होता. तुम्ही म्हणालात, "सावद्याच्या रस्त्यावर केळीचा ट्रक समोर असला की आपण हॉर्न देऊन घुसतो. ती सवय तुझ्या पायात आहे. आता चौक दिसला की पाय ब्रेकवर, मान उजवीकडे, आणि तोंडाने म्हण, 'उजवं मोकळं'." दोन आठवडे रोज चालत जाताना मी प्रत्येक चौकात ते म्हटलं. दुसऱ्या परीक्षेत तेच पुटपुटत होते. परीक्षकाला काय वाटलं असेल ते असो, पास झाले.

अण्णा, तुम्ही एक रुपया जास्त घेतला नाहीत, आणि जळगावच्या तीन खेपा स्वतःच्या गाडीने केल्यात. आता कोणी तुमच्याकडे बाहेर जायचं सांगायला आलं, तर त्याचं जुनं पुस्तक विमानात बसण्यापूर्वीच सारथीवर चढवून घ्या. दिवाळीत येते, तेव्हा पेढे घेऊन आधी तुमच्याकडेच येईन.

तुमची विद्यार्थिनी