नोटीस इंग्रजी, उत्तर तीस दिवसांत: वित्तमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वित्तमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावात दुकानदारांचे हिशेब लिहितो. गेल्या महिन्यात रंग आणि हार्डवेअरचे दुकान असलेले एक गृहस्थ जीएसटीच्या नोटिशीची प्रिंट काढलेली दोन पाने घेऊन आले. बसायच्या आतच म्हणाले, "सर, भरून टाकू का छत्तीस हजार?" नोटिशीतला तेवढा एकच आकडा त्यांना वाचता आला होता. बाकी सगळे इंग्रजीत.

ते पैसे मागणारे पत्र नव्हतेच. वर कोपऱ्यात ASMT-10 लिहिलेले होते, म्हणजे कलम 61 खालची विवरणपत्रांची छाननी. अधिकाऱ्याला आकड्यांत फरक दिसला आणि त्याने कारण विचारले, एवढाच त्याचा अर्थ. करमागणीची नोटीस वेगळी, तिच्यावर DRC-01 असते. नोटीस हातात घेतली की आधी हा नमुना क्रमांक बघायचा, हे मी वीसेक जणांना तरी शिकवले असेल. पण ज्याला ती पाठवली त्याला हे कोणी सांगायला नको का?

दुसरी गोष्ट तारखेची. उत्तर ASMT-11 मध्ये, पोर्टलवरच, नोटीस बजावल्यापासून तीस दिवसांत द्यायचे. पोर्टलवर चढवली की बजावली असे धरले जाते. या गृहस्थांच्या नोंदणीत जुन्या मुनीमजींचा ई-मेल होता, म्हणून नोटीस हाती पडेपर्यंत एकोणीस दिवस गेले होते. मुदत वाढवून मागता येते, पण तसे नोटिशीत कुठेच लिहिलेले नाही. शेवटच्या परिच्छेदात काय आहे? ठरल्या तारखेपर्यंत खुलासा आला नाही तर तुम्हाला काही सांगायचे नाही असे समजू आणि पुन्हा न कळवता कायद्याप्रमाणे कारवाई करू. सगळ्यात धोक्याचे वाक्य हेच, आणि त्यांनी ते छापील मजकूर समजून सोडून दिले होते.

आता मुद्दा. 2022-23 मध्ये GSTR-3B या आपल्या विवरणपत्रात आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतली 2,14,600 रुपये, आणि पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून बनणाऱ्या GSTR-2B मध्ये दिसते 1,78,600. फरक 36,000. 'कागदपत्रांसह खुलासा करा' असे नोटीस म्हणते. कुठली कागदपत्रे, ते म्हणत नाही. ती यादी कलम 16(2) मधून आपणच काढायची असते: खरेदीचे बिल, माल आल्याचा पुरावा म्हणून बिल्टी किंवा चलन, 180 दिवसांत पैसे चुकते केल्याचा बँकेचा उतारा, आणि पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवल्याची खूण, म्हणजे 2B.

आम्ही दोन संध्याकाळी बिले लावली. 27,000 रुपये एकाच ठोक व्यापाऱ्याचे निघाले. मार्चची बिले त्याने उशिरा दाखवली, ती एप्रिलच्या 2B मध्ये आली. क्रेडिट खरे होते, पण एक महिना आधी घेतले आणि वापरलेही. एप्रिलमध्ये ते पुन्हा घेतलेले नव्हते, हे दाखवायला एप्रिलचे 3B जोडले. एका महिन्याचे अठरा टक्क्यांनी व्याज होते 405 रुपये. उरलेले 9,000 मात्र आमचीच चूक. एकच बिल दोनदा चढले होते. ते व्याजासह DRC-03 ने, म्हणजे आपणहून कर भरायच्या नमुन्याने, भरले आणि चलन उत्तराला जोडले. घाबरून छत्तीस हजार भरले असते तर सत्तावीस हजार उगाच गेले असते.

महोदय, नोटिशीचा नमुना देशभर एकच आहे, तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण त्यातली निरीक्षणांची जागा आणि सोबतची जोडपत्रे राज्य कराचा अधिकारी स्वतः लिहितो. 1964 च्या राजभाषा अधिनियमाप्रमाणे या राज्याची राजभाषा मराठी आहे, आणि वस्तू व सेवा कराचा राज्याचा कायदाही मराठीत छापलेला आहे. तरीही जो मजकूर दुकानदाराच्या हातात पडतो तोच इंग्रजीत.

माझी मागणी अर्ध्या पानाची आहे. प्रत्येक ASMT-10 ला मराठी जोडपत्र लावा: हा प्रश्न आहे, मागणी नव्हे. उत्तर कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे. मुदत कशी वाढवून मागायची. फरक कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या बिलांचा. सोबत कोणते कागद लावायचे. बिलांची यादी अधिकाऱ्याच्या संगणकावर असतेच. ती दिली असती तर आमच्या दोन संध्याकाळींचा एक तास झाला असता.

उत्तर पटले की ASMT-12 येते आणि प्रकरण मिटते. या गृहस्थांची ती अजून यायची आहे. तीही इंग्रजीतच असेल, त्यामुळे ती वाचून घ्यायला ते पुन्हा माझ्याकडेच येतील.

आपला,
एक हिशेबनीस